बायबॅक आणि बोनस शेअर: पैसा नेमका कोणत्या खात्यातून जातो?

कंपनीने बोनस शेअर जाहीर केले की व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘फुकट शेअर मिळणार’ असे मेसेज फिरू लागतात. बायबॅक जाहीर झाले की ‘कंपनीकडे पैसा उदंड आहे’ असा निष्कर्ष निघतो. दोन्ही बातम्यांमध्ये कंपनीच्या वहीत नेमके काय घडते, याकडे मात्र फारसे कुणी पाहत नाही. खरे तर या दोन व्यवहारांना जोडणारे एक खाते आहे. ते समजले की दोन्हींचा अर्थ आपोआप उलगडतो. त्याचे नाव ‘कॅपिटल रिडम्प्शन रिझर्व्ह’, म्हणजे भांडवल परतफेड राखीव निधी. सोयीसाठी या लेखात आपण त्याला नुसते ‘परतफेड निधी’ म्हणू.

आपण एक काल्पनिक कंपनी घेऊ. ती आधी बायबॅक करेल, मग बोनस देईल, आणि प्रत्येक पायरीला तिच्या रोजकीर्दीत काय नोंद होते ते पाहू.

आधी दोन्हींतला फरक

बायबॅक म्हणजे कंपनीने स्वतःचेच शेअर भागधारकांकडून विकत घेऊन रद्द करणे. यात कंपनीच्या बँक खात्यातून खरोखर पैसे बाहेर जातात आणि शेअरची संख्या कमी होते.

बोनस म्हणजे आधीच्या भागधारकांना त्यांच्याकडील शेअरच्या प्रमाणात नवे शेअर देणे, तेही एक रुपया न घेता. यात बँक खात्याला हातही लागत नाही. कंपनीच्या राखीव निधीतली रक्कम भाग भांडवलाच्या खात्यात सरकते, इतकेच. शेअरची संख्या वाढते, पण कंपनीची मालमत्ता तेवढीच राहते.

म्हणजे बायबॅकमध्ये ताळेबंद आकुंचन पावतो. बोनसमध्ये ताळेबंदाची बेरीज तीच राहते, फक्त आतली मांडणी बदलते.

आपल्या कंपनीचा ताळेबंद

सर्व आकडे लाखांत आहेत. शेअरचे दर्शनी मूल्य 10 रुपये.

| भांडवल आणि देणी | रक्कम (लाख रु.) |
|---|---|
| इक्विटी भाग भांडवल (10 लाख शेअर, पूर्ण भरणा झालेले) | 100 |
| सिक्युरिटीज प्रीमियम | 50 |
| सर्वसाधारण राखीव निधी | 60 |
| नफा-तोटा खात्यातील शिल्लक | 40 |
| पुनर्मूल्यांकन राखीव निधी | 30 |
| कर्जे | 340 |
| एकूण | 620 |

दुसऱ्या बाजूला बँकेत 75 लाख आणि इतर मालमत्ता 545 लाख. बेरीज तीच, 620 लाख.

यातले ‘सिक्युरिटीज प्रीमियम’ म्हणजे कंपनीने पूर्वी 10 रुपयांचा शेअर जास्त भावाने विकला तेव्हा मिळालेली वरची रक्कम. ‘पुनर्मूल्यांकन राखीव निधी’ म्हणजे जमीन किंवा इमारतीची किंमत वाढवून लिहिल्यामुळे तयार झालेला आकडा. तो पैसा कुणाकडून आलेला नाही, म्हणूनच तो बायबॅकलाही वापरता येत नाही आणि बोनसलाही. या कंपनीचे 30 लाख आपण इथेच बाजूला ठेवू.

कंपनी किती शेअर परत घेऊ शकते?

आपली कंपनी 30 रुपये भावाने बायबॅक करायचे ठरवते. 2013 च्या कंपनी कायद्यातील कलम 68 नुसार बायबॅकसाठी पैसा तीनच ठिकाणांहून येऊ शकतो: मुक्त राखीव निधी, सिक्युरिटीज प्रीमियम, किंवा दुसऱ्या प्रकारचे शेअर वा रोखे विकून आलेली रक्कम. इक्विटी शेअर परत घेण्यासाठी नवे इक्विटी शेअर विकता येत नाहीत, कारण तसे करण्यात काही अर्थच उरत नाही.

मर्यादा तीन आहेत आणि तिन्हींत जो आकडा सर्वांत लहान, तो लागू होतो.

पहिली मर्यादा शेअरच्या संख्येची. एका आर्थिक वर्षात भरणा झालेल्या इक्विटी भांडवलाच्या 25 टक्क्यांपेक्षा जास्त इक्विटी शेअर परत घेता येत नाहीत. 10 लाखांचे 25 टक्के म्हणजे 2,50,000 शेअर.

दुसरी मर्यादा पैशाची. भरणा झालेले भांडवल आणि मुक्त राखीव निधी यांच्या बेरजेच्या 25 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम खर्च करता येत नाही. या कलमापुरते सिक्युरिटीज प्रीमियमही मुक्त निधीत मोजले जाते. म्हणून 100 + 50 + 60 + 40 = 250 लाख, आणि त्याचे 25 टक्के म्हणजे 62.5 लाख. 30 रुपये भावाने यात 2,08,333 शेअर बसतात.

तिसरी मर्यादा कर्जाची. बायबॅकनंतर कंपनीचे कर्ज हे भांडवल आणि मुक्त निधी यांच्या बेरजेच्या दुपटीपेक्षा जास्त असता कामा नये. आपल्या कंपनीवर 340 लाखांचे कर्ज आहे, म्हणजे बायबॅकनंतर किमान 170 लाख शिल्लक राहायला हवेत. आता 250 लाख आहेत, तेव्हा 80 लाख कमी झालेले चालतील.

या तिसऱ्या हिशेबातच सर्वांत जास्त चूक होते. वरवर पाहिले तर 80 लाख भागिले 30 रुपये, म्हणजे 2,66,667 शेअर घेता येतील असे वाटते. पण एका शेअरमागे 30 रुपये बँकेतून जातातच, शिवाय आणखी 10 रुपये मुक्त निधीतून उचलून परतफेड निधीत टाकावे लागतात. परतफेड निधी ‘मुक्त’ नाही. त्यामुळे एका शेअरमागे मोजण्यायोग्य रक्कम 30 रुपयांनी नाही, तर 40 रुपयांनी घटते. 80 लाख भागिले 40, उत्तर 2,00,000 शेअर.

तिन्ही आकडे शेजारी ठेवा: 2,50,000, 2,08,333 आणि 2,00,000. सर्वांत लहान 2,00,000, तेव्हा कंपनी जास्तीत जास्त तेवढेच शेअर परत घेऊ शकते. त्यासाठी 60 लाख रुपये लागतील. बँकेत 75 लाख आहेत, म्हणजे पैशाचीही सोय आहे.

एक प्रक्रियेची गोष्ट. भांडवल आणि मुक्त निधीच्या 10 टक्क्यांपर्यंतचे बायबॅक संचालक मंडळाच्या ठरावावर होऊ शकते. आपल्याकडे ती मर्यादा 25 लाख येते. 60 लाखांसाठी भागधारकांचा विशेष ठराव लागेल. कंपनीच्या नियमावलीतही बायबॅकची तरतूद असायला हवी आणि परत घेतले जाणारे शेअर पूर्ण भरणा झालेलेच हवेत.

बायबॅकच्या नोंदी

60 लाखांचे दोन भाग पडतात. शेअरचे दर्शनी मूल्य 2,00,000 × 10, म्हणजे 20 लाख. उरलेले 40 लाख हे दर्शनी मूल्याच्या वर दिलेली रक्कम, म्हणजे बायबॅकवरील प्रीमियम. पहिला भाग भाग भांडवलातून वजा होतो. दुसरा भाग कुठल्यातरी निधीवर पडतो, आणि इथे तो सिक्युरिटीज प्रीमियमवर टाकू, कारण त्या खात्यात 50 लाख आहेत.

पहिली नोंद, शेअर परत घेतल्याची:

| खाते | नावे (लाख) | जमा (लाख) |
|---|---|---|
| इक्विटी भाग भांडवल खाते, नावे | 20 | |
| सिक्युरिटीज प्रीमियम खाते, नावे | 40 | |
| इक्विटी शेअर बायबॅक खाते, जमा | | 60 |

दुसरी नोंद, पैसे दिल्याची:

| खाते | नावे (लाख) | जमा (लाख) |
|---|---|---|
| इक्विटी शेअर बायबॅक खाते, नावे | 60 | |
| बँक खाते, जमा | | 60 |

तिसरी नोंद, परतफेड निधी तयार केल्याची:

| खाते | नावे (लाख) | जमा (लाख) |
|---|---|---|
| सर्वसाधारण राखीव निधी खाते, नावे | 20 | |
| कॅपिटल रिडम्प्शन रिझर्व्ह खाते, जमा | | 20 |

तिसरी नोंद पाहून अनेकांना प्रश्न पडतो. पैसे तर देऊन झाले, मग ही नोंद कशासाठी? शिवाय हीत बँक नाही, भागधारक नाही, फक्त एका निधीतून दुसऱ्या निधीत रक्कम गेली आहे.

तिसरी नोंद कुणाचे रक्षण करते?

कंपनीला कर्ज देणारी बँक किंवा उधारीवर माल देणारा व्यापारी ताळेबंद पाहतो, तेव्हा भाग भांडवलाचा आकडा त्याच्यासाठी महत्त्वाचा असतो. राखीव निधीतला पैसा कंपनी उद्या लाभांश म्हणून वाटू शकते. भाग भांडवल तिला वाटता येत नाही. तोटा झाला तर आधी भागधारकांचे ते भांडवल झिजते, मग धनकोंवर पाळी येते. हा धनकोंचा आधार आहे.

आपल्या कंपनीत हा आधार 100 लाखांचा होता. बायबॅकमुळे भांडवल 80 लाखांवर आले. परतफेड निधी नसता, तर कंपनीने स्वतःहून धनकोंचा आधार 20 लाखांनी कमी केला असता. म्हणून कलम 69 सांगते: बायबॅक मुक्त निधीतून किंवा सिक्युरिटीज प्रीमियममधून केले असेल, तर जितक्या दर्शनी मूल्याचे शेअर रद्द झाले तितकी रक्कम परतफेड निधीत अडकवून ठेवा. आता 80 लाख भांडवल आणि 20 लाख परतफेड निधी, दोन्ही न वाटता येणारे. बेरीज पुन्हा 100 लाख.

यातून आणखी दोन गोष्टी स्पष्ट होतात. रक्कम दर्शनी मूल्याइतकी असते, बायबॅकच्या भावाइतकी नाही. आपण 60 लाख खर्च केले, पण परतफेड निधीत 20 लाखच गेले, कारण भांडवल तेवढेच कमी झाले. आणि बायबॅकचा पैसा नव्याने विकलेल्या दुसऱ्या प्रकारच्या शेअरमधून, उदाहरणार्थ प्रेफरन्स शेअरमधून, आला असेल तर तेवढ्यापुरता परतफेड निधी लागत नाही, कारण गेलेल्या भांडवलाच्या जागी नवे भांडवल आलेले असते.

प्रत्यक्ष कंपन्यांत हे आकडे कसे दिसतात, याचे एक उदाहरण पाहू. इन्फोसिसने 2017 मध्ये तिचे पहिले बायबॅक केले. 1,150 रुपये भावाने 11,30,43,478 शेअर, एकूण सुमारे 13,000 कोटी रुपये. शेअरचे दर्शनी मूल्य 5 रुपये. म्हणजे परतफेड निधीत जाणारी रक्कम साधारण 56.5 कोटी. बाकी जवळपास 12,943 कोटी रुपये दर्शनी मूल्याच्या वरचे, म्हणजे राखीव निधींवर पडणारे. बाजारभाव दर्शनी मूल्याच्या कितीतरी पट असलेल्या कंपनीत बायबॅकचा खरा भार भांडवलावर नाही, तर निधींवर असतो, हे यातून दिसते. एवढे मोठे बायबॅक झाल्यावर वर्षभरातच, सप्टेंबर 2018 मध्ये, इन्फोसिसने एकास एक बोनसही दिला.

बायबॅकनंतरचे चित्र

| भांडवल आणि देणी | बायबॅकपूर्वी | बायबॅकनंतर |
|---|---|---|
| इक्विटी भाग भांडवल | 100 | 80 |
| सिक्युरिटीज प्रीमियम | 50 | 10 |
| सर्वसाधारण राखीव निधी | 60 | 40 |
| नफा-तोटा खात्यातील शिल्लक | 40 | 40 |
| कॅपिटल रिडम्प्शन रिझर्व्ह | – | 20 |
| पुनर्मूल्यांकन राखीव निधी | 30 | 30 |
| कर्जे | 340 | 340 |
| एकूण | 620 | 560 |

बँकेत 75 ऐवजी 15 लाख उरले, इतर मालमत्ता 545 लाखच. बेरीज 560, दोन्ही बाजू जुळल्या.

कर्जाची मर्यादाही तपासू. भांडवल 80, प्रीमियम 10, सर्वसाधारण निधी 40, नफ्याची शिल्लक 40, मिळून 170 लाख. त्याची दुप्पट 340 लाख, आणि कर्जही नेमके 340 लाख. काट्यावर बसले. परतफेड निधीचे 20 लाख विसरून 2,66,667 शेअर घेतले असते, तर कंपनीने कायदा मोडला असता आणि नोंदी मात्र वरवर जुळलेल्याच दिसल्या असत्या. ताळेबंद जुळला म्हणजे व्यवहार कायदेशीर झाला, असे नसते.

बायबॅक पूर्ण झाल्यावर सात दिवसांत हे शेअर कायमचे रद्द करावे लागतात. भारतात कंपनीला परत घेतलेले शेअर तिजोरीत ठेवून पुढे विकता येत नाहीत. पुढचा बायबॅक प्रस्ताव आणण्यासाठी एक वर्ष थांबावे लागते, आणि पुढचे सहा महिने त्याच प्रकारचे नवे शेअर काढता येत नाहीत.

या सहा महिन्यांच्या बंदीला जे थोडे अपवाद आहेत, त्यांतला एक आहे बोनस. कारणही सरळ आहे. बोनसमधून नवा पैसा येत नाही, उलट निधी कायमचा भांडवलात अडकतो आणि धनकोंचा आधार वाढतो. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला मात्र बायबॅकचा कालावधी संपेपर्यंत बोनस शेअरही काढता येत नाहीत. तो संपल्यावरच बोनस.

बोनस कोणत्या निधीतून?

आपली कंपनी आता प्रत्येक दोन शेअरमागे एक बोनस शेअर द्यायचे ठरवते. 8 लाख शेअर आहेत, म्हणजे 4 लाख नवे शेअर आणि 40 लाख रुपये भांडवलात न्यायचे.

कलम 63 नुसार बोनससाठी तीन खाती चालतात: मुक्त राखीव निधी, सिक्युरिटीज प्रीमियम आणि परतफेड निधी. नोंदलेल्या कंपन्यांसाठी सेबीची आणखी एक अट आहे: निधी खऱ्या नफ्यातून उभा राहिलेला हवा आणि प्रीमियम रोखीने मिळालेले हवे. पुनर्मूल्यांकनाचा आकडा इथेही बाहेरच. लाभांशाच्या बदल्यात बोनस देता येत नाही. मुदत ठेवी किंवा कर्जरोख्यांचे व्याज वा मुद्दल थकवलेले असेल, अथवा कर्मचाऱ्यांची भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी अशी कायदेशीर देणी थकलेली असतील, तर बोनस देता येत नाही. आणि संचालक मंडळाने एकदा बोनसची शिफारस जाहीर केली की ती मागे घेता येत नाही.

नोंदीआधी आणखी एक तपासणी लागते, अधिकृत भांडवलाची. बोनसनंतर भांडवल 120 लाख होणार. कंपनीचे अधिकृत भांडवल 100 लाखच असेल, तर आधी ते वाढवून घ्यावे लागेल. बोनसच्या बातमीसोबत अनेकदा ‘अधिकृत भांडवल वाढवण्यास मंजुरी’ अशी ओळ दिसते, ती यामुळेच.

आता 40 लाख कुठून घ्यायचे? परतफेड निधीत 20, प्रीमियममध्ये 10, सर्वसाधारण निधीत 40 आणि नफ्याच्या शिलकीत 40 लाख आहेत. कायद्याने कोणताही क्रम सांगितलेला नाही. पण जाणता लेखापाल सर्वांत आधी परतफेड निधीला हात घालेल. ते खाते लाभांश वाटायला चालत नाही. कायद्याने त्याला दिलेला उपयोग एकच: बोनस शेअर. वापरले नाही तर ते ताळेबंदात वर्षानुवर्षे नुसते पडून राहील. त्यानंतर प्रीमियम, कारण त्यातूनही लाभांश देता येत नाही. सर्वसाधारण निधी आणि नफ्याची शिल्लक सर्वांत शेवटी, कारण लाभांश तिथूनच निघतो.

बोनसची पहिली नोंद:

| खाते | नावे (लाख) | जमा (लाख) |
|---|---|---|
| कॅपिटल रिडम्प्शन रिझर्व्ह खाते, नावे | 20 | |
| सिक्युरिटीज प्रीमियम खाते, नावे | 10 | |
| सर्वसाधारण राखीव निधी खाते, नावे | 10 | |
| भागधारकांना बोनस खाते, जमा | | 40 |

दुसरी नोंद:

| खाते | नावे (लाख) | जमा (लाख) |
|---|---|---|
| भागधारकांना बोनस खाते, नावे | 40 | |
| इक्विटी भाग भांडवल खाते, जमा | | 40 |

दोन्ही नोंदींत बँक खाते कुठेच नाही. ‘बोनस म्हणजे कंपनीने दिलेले पैसे’ या समजुतीचे उत्तर इथेच आहे.

नोंदींनंतर भांडवल 120, सर्वसाधारण निधी 30, नफ्याची शिल्लक 40, पुनर्मूल्यांकन निधी 30 आणि कर्जे 340. परतफेड निधी आणि प्रीमियम शून्य. बेरीज पुन्हा 560, बायबॅकनंतर होती तीच.

निधीच्या निवडीने काय फरक पडतो?

समजा कंपनीने हा क्रम न पाळता पूर्ण 40 लाख सर्वसाधारण निधीतूनच घेतले. नोंद चुकीची नाही, भागधारकाला मिळणारे शेअरही तेवढेच. ताळेबंदात मात्र परतफेड निधीचे 20 आणि प्रीमियमचे 10 लाख पडून राहतील आणि लाभांशासाठी उरतील फक्त नफ्याच्या शिलकीतले 40 लाख. आपण केलेल्या मांडणीत ते 70 लाख उरले. म्हणजे बोनस तोच, पण पुढे वाटता येण्याजोग्या रकमेत 30 लाखांचा फरक.

कोणत्या कंपनीने काय केले, हे तुम्हालाही पाहता येते. वार्षिक अहवालात इक्विटीतील बदलांचे विवरणपत्र असते. त्यात प्रत्येक निधीची सुरुवातीची शिल्लक, त्यातून काय गेले आणि अखेरची शिल्लक दिलेली असते. बोनसच्या वर्षी कोणता स्तंभ घटला ते पाहा. बायबॅकच्या वर्षी परतफेड निधी रद्द झालेल्या शेअरच्या दर्शनी मूल्याइतका वाढला आहे का, तेही पाहा. गुणाकार एका ओळीचा आहे.

तुमच्या डीमॅटमध्ये काय दिसेल?

आपल्या कंपनीचे 200 शेअर तुमच्याकडे आहेत आणि बाजारभाव 27 रुपये आहे असे समजू. तुमची गुंतवणूक 5,400 रुपयांची. दोनास एक बोनसनंतर शेअर 300 होतील आणि भाव हिशेबाने 18 रुपयांवर येईल. 300 × 18, पुन्हा 5,400. बोनसच्या दिवशी भाव घसरलेला दिसतो तो याच कारणाने. नव्या शेअर खात्यात यायला एकदोन दिवस लागले तर मधल्या काळात ॲप लालभडक तोटा दाखवते आणि अनेक जण घाबरून स्क्रीनशॉट टाकतात. तो तोटा नसतो.

दुसरा गोंधळ ईपीएसचा, म्हणजे प्रति शेअर उत्पन्नाचा. समजा कंपनीचा वर्षाचा नफा दोन्ही वर्षी 24 लाखच आहे आणि बायबॅक वर्षाच्या सुरुवातीलाच झाले. गेल्या वर्षी 10 लाख शेअर होते, ईपीएस 2.40 रुपये. या वर्षी बायबॅक आणि बोनसनंतर 12 लाख शेअर, ईपीएस 2 रुपये. कुणीही म्हणेल की उत्पन्न घसरले.

पण लेखामानकांनुसार बोनसनंतर आधीच्या वर्षाचा ईपीएसही नव्या प्रमाणात पुन्हा मोजावा लागतो. बोनस पैसे न घेता दिलेला असतो, म्हणून तो जणू आधीपासूनच होता असे धरतात. गेल्या वर्षीचे 10 लाख शेअर दीडपट होऊन 15 लाख झाले आणि ईपीएस 1.60 रुपये आला. आता खरी तुलना 1.60 आणि 2 यांची आहे, म्हणजे वाढ झाली. बायबॅकसाठी मात्र मागचे आकडे बदलत नाहीत, कारण तिथे कंपनीचा पैसा खरोखर बाहेर गेला आहे. जुन्या आणि नव्या अहवालातले आकडे शेजारी ठेवून कुणी ‘ईपीएस पडला’ म्हणत असेल, तर मागच्या वर्षीचा आकडा नव्या अहवालातून घेतला आहे का, हे आधी विचारा.

आणि वाढीचा अर्थही नीट घ्या. नफा 24 लाखच राहिला. ईपीएस वाढला तो शेअर कमी झाल्यामुळे, धंदा वाढल्यामुळे नाही. त्यासाठी कंपनीने बँकेतले 60 लाख खर्च केले, ज्यावर तिला व्याज मिळत होते. ते व्याज गेल्याने नफा थोडा घटण्याचीच शक्यता जास्त. आपल्या कंपनीकडे आता बँकेत 15 लाख आहेत आणि कर्ज अजूनही 340 लाखांचे. बायबॅकची बातमी वाचल्यावर भाव पाहण्याआधी या दोन आकड्यांकडे नजर टाकली, तर कंपनीकडे पैसा खरोखर उदंड होता की तिने आहे तो खर्चून टाकला, हे लगेच कळते.